कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याआधी स्वतःच्या बँकेला एक अर्ज द्या

सध्या गावागावात फोन येतायत. "साहेब, तुमचं घरकर्ज आमच्याकडे घ्या, व्याज एक टक्का कमी, दोन लाख वाचतील." हा माणूस खोटं बोलत नाही. पण तो अर्धाच हिशेब सांगतो. उरलेला अर्धा आपण करायचा.

समजा, एका शिक्षकाचं २५ लाख कर्ज शिल्लक आहे, मुदत १२ वर्षं उरलीय आणि व्याज ९.२५ टक्के. हप्ता बसतो साधारण २८,८०४ रुपये. नवी बँक ८.२५ टक्के म्हणते. तीच रक्कम, तीच १२ वर्षं धरली तर हप्ता २७,४०५. म्हणजे महिन्याला १,३९९ रुपये वाचतात. १४४ हप्त्यांचे झाले दोन लाख. इथपर्यंत फोनवाल्याचं बरोबर.

आता खर्च. प्रोसेसिंग फी १०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि घराचं व्हॅल्युएशन ७,०००. नव्या बँकेकडे घर गहाण ठेवायचं म्हणून स्टॅम्प ड्युटी ७,५००. नोटीस ऑफ इंटिमेशन आणि किरकोळ १,७००. एकूण २८,०००. भागिले १,३९९, म्हणजे २० महिने. पहिले २० महिने फक्त खर्च वसूल होतो, बचत त्यानंतर. त्याआधीच घर विकणार असाल किंवा कर्ज फेडणार असाल, तर हा सगळा खटाटोप तोट्याचा. दंडाची भीती मात्र नको. वैयक्तिक घरकर्ज फ्लोटिंग दराचं असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल जुनी बँक दंड लावू शकत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

पण खरा मुद्दा पुढे आहे. तुलना ९.२५ आणि ८.२५ ची करायचीच नाही. आधी आपल्याच बँकेत जायचं, नव्या बँकेचं लेखी ऑफर लेटर दाखवायचं आणि दर कमी करण्याचा अर्ज द्यायचा. बऱ्याच बँका, हाउसिंग फायनान्स कंपन्या कन्व्हर्जन फी घेऊन दर खाली आणतात. समजा आपल्या शिक्षकाला ५,९०० रुपये घेऊन ८.५० टक्के मिळाले. हप्ता होईल २७,७५१. खर्च वजा जाता १२ वर्षांत वाचतील साधारण १ लाख ४६ हजार. कर्ज हलवलं असतं तर खर्च जाऊन १ लाख ७३ हजार. फरक उरला २७ हजारांचा, तोही १२ वर्षांत. आणि त्यासाठीचा जादा २२ हजारांचा खर्च वसूल व्हायला पाच वर्षांवर लागतात. बँकेने नकार दिला, तर मात्र खुशाल कर्ज हलवा.

दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, मुदत. "हप्ता साडेसात हजारांनी कमी करून देतो" असं कोणी म्हणालं, तर समजा की १२ ची २० वर्षं केलीत. हप्ता २१,३०२ होतो खरा, पण एकूण भरणा जुन्या महागड्या कर्जापेक्षाही साडेनऊ लाखांनी वाढतो. घरखर्च भागत नसेल म्हणून कोणी हे केलं तर समजू शकतो, पण त्याला बचत म्हणू नका. दुसरं, विमा. कर्जासोबत ६०,००० चा विमा गळ्यात मारला की खर्च २८ चा ८८ हजार होतो आणि २० महिन्यांचे ६३ महिने होतात. मंजुरीपत्रात विम्याची रक्कम कर्जातच मिळवलीय का, ते सहीआधी बघा.

आणि कर्ज संपत आलं असेल तर शांत बसा. ५ लाख आणि ४ वर्षं उरली असतील, तर एक टक्क्याने वाचतात जेमतेम ११ हजार. वकील आणि व्हॅल्युएशनचा खर्च काही त्या प्रमाणात कमी होत नाही.

माझा आक्षेप वेगळाच आहे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली आहेत. पण रेपोवर बँक जे मार्जिन लावते, ते जुन्या ग्राहकाला एक आणि नव्याला दुसरं असू शकतं. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना तर रेपोशी जोडण्याचं बंधनच नाही. दहा वर्षं एकही हप्ता न चुकवणारा माणूस जास्त व्याज भरतो आणि काल आलेला कमी. का? तर याने विचारलं नाही म्हणून. कर्जाच्या वार्षिक स्टेटमेंटवर एक ओळ छापायला काय हरकत आहे: "आज तुमच्यासारख्या नव्या ग्राहकाला आम्ही अमुक दराने कर्ज देतो"? ती सक्ती होईपर्यंत विचारणं आपल्याच हातात आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.