‘ऑनलाइन दिसतोस, मग फोन का नाही?’

आमच्या शेजारच्या खालांचा मुलगा दुबईला एका दुकानात आहे. परवा रात्री त्या मोबाइल घेऊन आल्या. “मॅडम, हे वाचून द्या. चष्मा लावूनही एवढं लांब मला जमत नाही.” त्याआधी त्यांनीच त्याला लिहिलं होतं: ‘सतरा दिवस झाले, तुझा आवाज नाही. रात्री बारा वाजता ऑनलाइन दिसतोस. आईसाठी दोन मिनिटं नाहीत का?’

मुलाचं उत्तर त्यांच्या परवानगीने देते.

‘अम्मी, माझी ड्युटी दुपारी एक ते रात्री दहा. खोलीवर यायला साडेदहा होतात, तेव्हा तुमच्याकडे बारा वाजलेले असतात. इशानंतर तुम्ही झोपता, फजरला उठता, मग मी झोप मोडत नाही. इथे व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, आवाजही रेकॉर्ड करून पाठवता येतो, पण कॉल लागत नाही. बॉटिमवर लागतो, पण ते तुमच्या मोबाइलमध्येही हवं. खोलीत आम्ही सहा जण आहोत, दोघे पहाटेच्या ड्युटीचे. मी जिन्यात बसून मेसेज वाचतो, तेव्हा तुम्हाला ऑनलाइन दिसतो.

पण हे सगळं आधीही होतं, तरी मी फोन करत होतो. खरं सांगतो. गेल्या महिन्याचा पगार अजून झालेला नाही. तुम्ही “कसा आहेस?” विचारलं की माझ्या आवाजावरून ओळखता. अब्बांच्या औषधांचा विषय निघाला असता, मी काय बोललो असतो? म्हणून टाळलं. चूक झाली.

आता माझ्या सकाळी साडेसातला, म्हणजे तुमच्या नऊला, एक दिवसाआड फोन करीन. छोट्याकडून बॉटिम टाकून घ्या. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी आवाज रेकॉर्ड करून पाठवीन.’

“पगार झाला नाही”पर्यंत आले आणि माझाच आवाज अडखळला. खाला मात्र शांत होत्या. सतरा दिवस त्या आजारपण, अपघात, नको ती संगत, सगळं मनात फिरवून आल्या होत्या. पैशांची अडचण त्यांना त्यामानाने हलकी वाटली असावी. (आम्ही शिक्षक मंडळी मुलांना पत्रलेखन शिकवतो, ‘मी येथे खुशाल आहे’ हे वाक्य पाठ करून घेतो. त्याऐवजी काय लिहायचं, ते कधी शिकवलं नाही.)

उत्तर त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं: ‘औषधं पुढच्या महिन्यापर्यंतची आहेत. तू दोन वेळा जेवतोस का, एवढंच लिही. पगाराचं अब्बांना मी सांगेन, तू नको सांगूस. आणि बारा वाजले तरी फोन कर, मी कुठे झोपते?’

पाठवल्याबरोबर दोन निळ्या खुणा आल्या. आमच्याकडे पावणेबारा वाजले होते. तो बहुधा रस्त्यातच असावा.