रोजचा आकडा, आठवड्याचा आकडा, महिन्याचा आकडा : साथ वाढतेय की उतरतेय हे कशावरून ओळखायचं?

पावसाळा आला की बातम्यांमध्ये डेंग्यू, मलेरिया, लेप्टोचे आकडे येऊ लागतात. एका ठिकाणी 'रुग्णसंख्या घटली' असं वाचायला मिळतं आणि त्याच दिवशी दुसरीकडे 'रुग्णसंख्या वाढली' असा मथळा दिसतो. वाचणाऱ्याला वाटतं की कुणीतरी खोटं बोलतंय. बहुतेक वेळा दोन्ही आकडे खरे असतात. एकाने कालच्या दिवसाची आजशी तुलना केलेली असते, तर दुसऱ्याने मागच्या महिन्याची या महिन्याशी. एकच माहिती दिवसाच्या, आठवड्याच्या किंवा महिन्याच्या गठ्ठ्यात बांधली की साथीचं चित्र बदलतं. ते नेमकं कसं बदलतं हे समजून घेण्यासाठी आपल्या सगळ्यांच्या आठवणीतलं एक उदाहरण घेऊ : 2021 मधली कोरोनाची दुसरी लाट.

महिन्याचं चित्र काय सांगतं?

केंद्रीय आरोग्य मंत्रालय त्या काळात रोज सकाळी आधीच्या 24 तासांतले आकडे जाहीर करत असे. त्यांची महिन्यानुसार बेरीज केली तर देशातले नवे रुग्ण साधारण असे दिसतात :

- एप्रिल 2021 : सुमारे 69 लाख
- मे 2021 : सुमारे 90 लाख
- जून 2021 : सुमारे 22 लाख

फक्त हा तक्ता पाहिला तर काय वाटेल? एप्रिलपेक्षा मे वाईट, म्हणजे मे महिन्यात साथ चढतीच होती, आणि जूनमध्ये ती एकदम कोसळली.

प्रत्यक्षात तसं घडलं नाही. एका दिवसातला सर्वाधिक आकडा, 4,14,188, हा 7 मे रोजी जाहीर झाला. त्यानंतर उतार सुरू झाला आणि 31 मे रोजी जाहीर झालेला आकडा सुमारे 1 लाख 53 हजार होता. म्हणजे मे महिन्याचे साधारण तीन आठवडे साथ उतरत होती. तरीही महिन्याची बेरीज एप्रिलपेक्षा मोठी आली, कारण एप्रिलची सुरुवात रोजच्या सुमारे 72 हजार रुग्णांनी झाली होती आणि मेची सुरुवात चार लाखांनी. डोंगराच्या दोन्ही बाजू एकाच महिन्यात आल्या की बेरजेत फक्त उंची दिसते, चढ आणि उतार दिसत नाहीत.

मग रोजचा आकडाच पाहावा का?

तसं वाटणं साहजिक आहे. पण रोजच्या आकड्याची वेगळी अडचण आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात रोज सकाळी जाहीर झालेले आकडे पाहा (लाखांत) :

- 1 मे, शनिवार : 4.02
- 2 मे, रविवार : 3.92
- 3 मे, सोमवार : 3.68
- 4 मे, मंगळवार : 3.57
- 5 मे, बुधवार : 3.82
- 6 मे, गुरुवार : 4.12
- 7 मे, शुक्रवार : 4.14

पहिले चार दिवस पाहणाऱ्याला वाटलं असतं की शिखर गाठलं, आता उतार लागला. सलग तीन दिवस आकडा कमी होत होता. पण पुढच्या तीन दिवसांत तो आधीपेक्षाही वर गेला.

यामागे विषाणूचा काही हात नव्हता. त्याआधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांतले मंगळवार तपासले तर उलगडा होतो. 20 एप्रिल, 27 एप्रिल, 4 मे, 11 मे, 18 मे या प्रत्येक मंगळवारी आकडा आदल्या दिवसापेक्षा कमी आहे आणि बुधवारी पुन्हा थोडा वर गेला आहे. साथ चढत होती तेव्हाही हे झालं आणि उतरत होती तेव्हाही. रविवारी नमुने कमी घेतले जातात, प्रयोगशाळांत माणसं कमी असतात, अहवाल यायला वेळ लागतो, आणि हे सगळं दिल्लीपर्यंत पोहोचून जाहीर होईपर्यंत मंगळवार उजाडतो. म्हणजे मंगळवारची घट ही आजाराची घट नव्हती, रविवारच्या सुट्टीची सावली होती.

आपल्या ओपीडीतही हेच होतं. रविवारी गर्दी नसते आणि सोमवारी रांग लागते. त्यावरून लोक सोमवारी जास्त आजारी पडतात असं कुणी म्हणत नाही.

आठवड्याची बेरीज का उपयोगी पडते?

कारण सुट्टीचं हे चक्र सात दिवसांचं आहे. सात दिवसांची बेरीज घेतली की प्रत्येक गठ्ठ्यात एक रविवार आणि एक मंगळवार येतोच. त्यामुळे खड्डा सगळ्या गठ्ठ्यांत सारखा वाटला जातो आणि तुलना रास्त होते. पाच किंवा दहा दिवसांच्या बेरजेत हा फायदा मिळत नाही, कारण काही गठ्ठ्यांत रविवार कमी येतात आणि काहींत जास्त.

तेच आकडे शनिवार ते शुक्रवार अशा आठवड्यांत मांडले तर :

- 17 ते 23 एप्रिल : सुमारे 19.7 लाख
- 24 ते 30 एप्रिल : सुमारे 25 लाख
- 1 ते 7 मे : सुमारे 27.3 लाख
- 8 ते 14 मे : सुमारे 25.5 लाख
- 15 ते 21 मे : सुमारे 19.9 लाख

आता चढ, माथा आणि उतार तिन्ही स्वच्छ दिसतात. आणखी एक गोष्ट दिसते. पहिल्या दोन आठवड्यांत वाढ पाच लाखांहून जास्त होती, पुढच्या आठवड्यात ती जेमतेम सव्वादोन लाख राहिली. म्हणजे शिखर येण्याआधीच चढ मंदावला होता. खाटा आणि ऑक्सिजनचं नियोजन करणाऱ्यांसाठी ही खूण फार मोलाची असते.

'सात दिवसांची सरासरी' म्हणजे काय?

आठवडा संपेपर्यंत थांबायचं नसेल तर दररोज 'आजपर्यंतचे शेवटचे सात दिवस' घेऊन त्यांची सरासरी काढतात. उद्या नवा दिवस आत येतो आणि सर्वांत जुना बाहेर जातो. याला चल सरासरी म्हणतात. दुसऱ्या लाटेत ही सरासरी 9 मे रोजी सर्वांत वर होती, रोज सुमारे 3.91 लाख. 11 मेपासून ती स्पष्टपणे खाली येऊ लागली आणि 14 मेपर्यंत उताराबद्दल फारशी शंका उरली नव्हती.

ही रेघ वास्तवाच्या थोडी मागे चालते हे मात्र लक्षात ठेवावं. तिच्यात आजच्या दिवसाबरोबर मागचे सहा दिवसही असल्याने वळण तिच्यात सुमारे तीन दिवस उशिरा उमटतं. तीन दिवसांचा उशीर परवडतो. महिन्याच्या तक्त्यात हाच उतार दिसायला जून संपावा लागला असता.

मृत्यूच्या आकड्यात काय लपलं असतं?

मे 2021 मध्ये एका दिवसातल्या मृत्यूंचा त्या महिन्यातला सर्वाधिक आकडा, 4,529, हा 19 मे रोजी जाहीर झाला. म्हणजे रुग्णसंख्येच्या शिखरानंतर 12 दिवसांनी. आठवड्यांत मांडलं तर रुग्णांचं शिखर 1 ते 7 मेच्या आठवड्यात येतं आणि मृत्यूंचं 15 ते 21 मेच्या आठवड्यात. वैद्यकीयदृष्ट्या हे अपेक्षितच आहे. लागण झालेल्या माणसाची प्रकृती बिघडायला आणि अतिदक्षता विभागातली झुंज संपायला एक-दोन आठवडे जातात.

महिन्याच्या तक्त्यात मात्र दोन्ही शिखरं 'मे' या एकाच रकान्यात बसतात आणि मधलं अंतर नाहीसं होतं. रुग्ण कमी झाले तरी आयसीयू अजून दोन आठवडे भरलेलं राहणार, हा इशारा त्या तक्त्यातून मिळूच शकत नाही.

बेरजेने जे दुरुस्त होत नाही

10 जून 2021 रोजी देशात एका दिवसात 6,148 मृत्यू जाहीर झाले. आदल्या दिवशीचा आकडा 2,219 होता. एका रात्रीत मृत्यू जवळजवळ तिप्पट झाले नव्हते. बिहारने आपल्या नोंदी तपासून आधी न मोजलेले 3,951 मृत्यू त्या दिवशी यादीत घातले होते. ते मृत्यू आधीच्या काळातले होते, त्यांची नोंद मात्र जूनमध्ये झाली.

असा उंचवटा आठवड्याच्या सरासरीत टाकला तर तो निघून जात नाही, पसरतो. 3,951 ला सातने भागलं तर रोज सुमारे 564 जादा मृत्यू होतात आणि ते सलग सात दिवस सरासरीत दिसत राहतात. नंतर ते एकदम गळून पडतात आणि मृत्यू अचानक घटल्याचा भास होतो. महिन्याच्या बेरजेत तर हा आकडा कुणाच्या डोळ्यांतही येत नाही, पण जूनच्या खात्यावर चुकीचा जमा राहतो. यावर खरा उपाय एकच : नोंद कधी झाली ते न पाहता मृत्यू कधी झाला, त्या तारखेला तो मोजणे. रोजचा आलेख निदान इतकं करतो की असा उंचवटा लपू देत नाही.

डेंग्यूच्या बातम्या वाचताना

डेंग्यूसाठी महिना हा फार मोठा गठ्ठा आहे. पावसाळी हवेत डासाच्या अंड्यातून पूर्ण वाढलेला डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. डास चावल्यावर ताप यायला साधारण 4 ते 10 दिवस लागतात. म्हणजे एका महिन्याच्या आत डासांच्या दोन-तीन पिढ्या होऊन जातात. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायला सांगतात तो याच हिशेबाने, आणि रुग्णांचा हिशेबही आठवड्याचाच असावा.

बातमी वाचताना एवढं तपासावं :

1. दोन्ही बाजूंचे दिवस सारखे आहेत का? '1 ते 15 जुलै'ची तुलना पूर्ण जूनशी केली तर घट दिसणारच. दिवसांच्या संख्येने भागून रोजची सरासरी पाहावी. फेब्रुवारीचे 28 दिवस आणि मार्चचे 31 एवढ्या फरकानेही, साथ जराही न हलता, बेरीज सुमारे 11 टक्क्यांनी वाढते.

2. शेवटचा आठवडा पूर्ण भरला आहे का? आलेखातला शेवटचा खांब बुटका असतो, कारण अहवाल अजून यायचे असतात. त्यावरून साथ ओसरली असं ठरवू नये. दोन पूर्ण आठवडे सलग घट दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

3. तपासण्या तेवढ्याच झाल्या का? तपासण्या निम्म्या झाल्या तर रुग्णही कमी सापडतात, आणि हा दोष कोणत्याही बेरजेने जात नाही. म्हणून शंभर तपासण्यांमागे किती पॉझिटिव्ह आल्या हे प्रमाणही पाहावं.

4. आकडे फारच लहान आहेत का? एखाद्या गावात काल एक रुग्ण आणि आज तीन, म्हणजे 'तिप्पट वाढ' नव्हे. अशा ठिकाणी रोजचा आकडा सोडून चार-पाच आठवडे शेजारी मांडून पाहावेत.

महिन्याची बेरीज निरुपयोगी नाही. यंदाचा जुलै मागच्या पाच वर्षांच्या जुलैंपेक्षा वाईट आहे का, या प्रश्नाला तीच योग्य आहे. पण तुमच्या घरात आज कुणाला ताप आला असेल आणि वस्तीत साथ चढतीवर आहे की उतरणीवर हे जाणून घ्यायचं असेल, तर मागच्या तीन-चार आठवड्यांचे आकडे शोधा. आणि ते काहीही सांगत असले तरी दोन दिवसांहून जास्त टिकणाऱ्या तापाला डॉक्टरांना दाखवा. ताप असताना पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, किंवा फार गळून जाणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.