मळीचा भाव कुणी ठरवला, ते विचारा

कारखान्याचा वार्षिक अहवाल घरी येतो. बहुतेक घरांत तो कपाटावर जातो. या वर्षी तो खाली काढा आणि एकच गोष्ट शोधा. तुमच्या उसापासून निघालेली मळी, म्हणजे मोलॅसिस, कारखान्यानं स्वतःच्याच डिस्टिलरीला दिली असेल. ती टनाला किती रुपये धरून दिली?

ही मळी बाहेर विकली जात नाही. एका आवारातून दुसऱ्या आवारात नळानं जाते. रोख रक्कम हलत नाही, फक्त वहीत नोंद होते. त्या नोंदीतल्या भावाला हिशेबाच्या पुस्तकात हस्तांतर किंमत म्हणतात. तुमची मुलगी बी.कॉम. किंवा कॉस्टिंग शिकत असेल, तर तिच्या परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. तिला हाक मारा आणि सोबत बसवा.

आधी घरातला हिशेब पाहू. भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या आहेत. समजा, म्हशी थोरला सांभाळतो आणि भट्टी धाकटा चालवतो. थोरल्यानं दूध स्वस्त दिलं, तर धाकट्याची भट्टी फायद्यात दिसते आणि म्हशी तोट्यात. दूध महाग लावलं की उलटं होतं. खव्याचे पैसे घरात तेवढेच येतात. जोवर दोघांचा खिसा एक, तोवर वाद नाही. पण म्हशीच्या उत्पन्नात शेजाऱ्याची वाटणी असेल, तर दुधाचा भाव काय धरला हे त्या शेजाऱ्यानं विचारायलाच हवं.

ढोकी, रांजणी, केशेगाव, मुरूम, चोराखळी, कुठल्याही कारखान्याला ऊस घालणारे तुम्ही या हिशेबात तो शेजारी आहात.

कारण असं. रंगराजन समितीनं 2012 मध्ये महसुलाच्या वाटणीचं सूत्र सुचवलं. महाराष्ट्रानं 2013 मध्ये ऊस दराचा कायदा केला आणि ती वाटणी आपल्याकडे आली. साखर आणि पहिल्या पायरीचे उपपदार्थ, म्हणजे मळी, बगॅस आणि प्रेसमड, यांच्या उत्पन्नाचे 70 टक्के उसाचे. फक्त साखर धरली, तर 75 टक्के. मळी या वाटणीत आहे. मळीपासून पुढे बनलेलं इथेनॉल मात्र नाही. म्हणून मळी कोणत्या भावानं कुंपण ओलांडते, त्यावर तुमचा दर हलतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. भाव आणि खर्चाचे आकडे मी हिशेबासाठी धरले आहेत. तुमच्या कारखान्याचे वेगळे असतील, ते त्या जागी घाला.

एक टन उसातून साधारण 45 किलो मळी निघते. साखर पूर्ण काढून झाल्यावर उरते ती ही शेवटची मळी, जिला सी-हेवी म्हणतात. अशा एका टन मळीपासून सुमारे 225 लिटर इथेनॉल होतं. 2024-25 च्या पुरवठा वर्षात सी-हेवी इथेनॉलचा दर लिटरला 57 रुपये 97 पैसे होता. म्हणजे एका टन मळीचे ढोबळ 13,000 रुपये झाले. वाफ, वीज, यीस्ट, रसायनं आणि मजुरी मिळून डिस्टिलरीचा खर्च लिटरला 12 रुपये धरू. तो टनाला 2,700 होतो. राहिले 10,300.

हे 10,300 रुपये काही केलं तरी बदलत नाहीत. फक्त कुणाच्या वहीत किती, एवढंच बदलतं.

मळीचा भाव 5,000 लावला, तर डिस्टिलरीला टनामागे 5,300 रुपये नफा दिसतो. 9,000 लावला, तर फक्त 1,300. साखरेच्या वहीत त्याच मळीचे 5,000 ऐवजी 9,000 जमा होतात. फरक 4,000 रुपयांचा. त्याचे 70 टक्के म्हणजे 2,800. टनभर उसात मळी 45 किलोच असते. म्हणून उसाच्या टनामागे फरक 126 रुपयांचा पडतो. तुमचा 100 टन ऊस गेला असेल, तर 12,600 रुपये. मुलीच्या वसतिगृहाचे काही महिने त्यात निघतात.

इथे घाई करू नका. हा फरक दर वेळी तुमच्या हाती पडतोच असं नाही. एफआरपी हा कमीत कमी दर आहे, तो कारखान्याला द्यावाच लागतो. 2025-26 साठी 10.25 टक्के उताऱ्याला तो टनाला 3,550 रुपये आहे. समजा तुमच्याकडे उतारा तेवढाच आहे. वाटणीच्या सूत्रानं दर 3,400 निघाला, तर 126 मिळवूनही 3,526 होतो. तुम्हाला 3,550 च मिळणार, मळीच्या भावानं काही हललं नाही. पण सूत्रानं 3,500 निघत असेल, तर 126 मिळवून 3,626 होतात. म्हणजे एफआरपीच्या वर 76 रुपये तुमचे. दोन्ही दरांतून तोडणी-वाहतूक वजा होते, तीही लक्षात ठेवा. म्हणून आधी हे दोन आकडे शेजारी लिहा, मगच भांडायला जा.

मग मळीचा बरोबर भाव कोणता? पुस्तकातलं उत्तर इथे खरंच उपयोगी आहे. देणाऱ्यानं किती खाली यायचं नाही, ते आधी पाहा. मळी बाहेर विकली असती तर विक्रीखर्च जाऊन जे मिळालं असतं, त्याच्या खाली नाही. बाहेर 9,000 चा भाव आहे आणि विक्रीला 200 खर्च येतो, तर तळ 8,800. घेणाऱ्यानं किती वर जायचं नाही? त्याला परवडेल तिथपर्यंत, इथे 10,300. भाव या दोन रेघांच्या मध्ये असावा. 5,000 कुठून आला, याचं उत्तर कारखान्यानं द्यावं.

‘मळीला आमचा उत्पादन खर्च एवढाच’ हे उत्तर आलं, तर ते मानू नका. ऊस एकदाच गाळला जातो आणि त्यातून साखर, मळी, बगॅस सगळंच निघतं. त्या एकाच खर्चातला मळीचा वाटा कितीही दाखवता येतो. कागदावर खर्च वाटणं हे मनाचं काम आहे, बाजाराचं नाही.

कारखान्याची बाजूही ऐका. कधी खालचा भाव खरा असतो. टाक्या भरल्या आहेत, गिऱ्हाईक नाही, वाहतुकीच्या परवान्याला वेळ लागतो आणि मळी ठेवायला जागा नाही, तर गाळप थांबायची वेळ येते. अशा वेळी बाहेरचा भाव नावापुरताच उरतो आणि तळाची रेघ खूप खाली जाते. पण मग कारखान्यानं त्या आठवड्यांची नोंद दाखवावी. संपूर्ण हंगामाला तोच पडका भाव लावू नये.

आता दुसरी गोष्ट, जी सभेत फार कुणी विचारत नाही. कारखान्यातला प्रत्येक विभाग एकाच मापानं मोजायचा नसतो. वजनकाटा, वर्कशॉप, शेती विभाग यांच्या हाती फक्त खर्च असतो. त्यांना खर्चावरूनच जाब विचारायचा. हे खर्च केंद्र. ज्या विभागाकडे खर्चही आहे आणि विक्रीही, ते नफा केंद्र. ज्याच्यासाठी मोठं कर्ज काढून यंत्रं उभी केली, ते गुंतवणूक केंद्र. तिथे नुसता नफा पुरत नाही, लावलेल्या पैशावर किती सुटलं ते पाहावं लागतं. 2021 मध्ये कोरोनाच्या लाटेत चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्यानं इथेनॉल प्रकल्पात ऑक्सिजन बनवला होता. त्या कामाला नफ्याचं माप लावणं कुणाला सुचणारही नाही. प्रत्येक कामाचं माप वेगळं असतं ते असं.

डिस्टिलरी हे गुंतवणूक केंद्र आहे. समजा, 5 लाख टन गाळप झालं. मळी निघाली 22,500 टन. डिस्टिलरीवर 40 कोटी लागले आहेत. 5,000 भावानं नफा दिसतो सुमारे 11 कोटी 92 लाख, म्हणजे 40 कोटींवर 30 टक्क्यांच्या जवळ. 9,000 भावानं तो उरतो 2 कोटी 92 लाख, साधारण 7 टक्के. कर्जाचं व्याज 10 टक्के असेल, तर वर्षाला 4 कोटी. म्हणजे बाजारभाव लावला, की ही डिस्टिलरी स्वतःचं व्याजही काढत नाही.

मग ती बंद करायची का? नाही. यंत्रं उभी आहेत, व्याज कसंही भरायचंच आहे आणि मळी विकून मिळणाऱ्या 8,800 पेक्षा टनामागे 1,500 रुपये जास्तच सुटतात. चालवा. पण 30 टक्क्यांचा आकडा दाखवून कुणी दुसऱ्या डिस्टिलरीसाठी नवं कर्ज मागत असेल, तर सभासद म्हणून तिथे हात वर करण्याआधी मळीचा भाव विचारा. जिल्ह्यात पाऊस कमी पडला की ऊस घटतो. मळी घटते. हप्ता मात्र घटत नाही. ढोकीची तेरणा कित्येक वर्षं बंद होती, तेव्हा भागातल्या ऊसवाल्यांचे काय हाल झाले ते तुम्हाला सांगायला नको.

तुमचा कारखाना बी-हेवी मळी वापरत असेल, तर आणखी एक प्रश्न. बी-हेवीत साखर पूर्ण काढत नाहीत, थोडी मळीतच सोडतात. त्यामुळे इथेनॉल जास्त होतं आणि साखर कमी. मग त्या मळीचा भाव सी-हेवीचाच लावून कसं चालेल? सोडलेल्या साखरेची किंमत त्यात यायला हवी. शिवाय साखर कमी निघाली की उताराही कमी दिसतो आणि एफआरपी उताऱ्यावर ठरते. मळीत गेलेली साखर उताऱ्यात परत मिळवली का, हे स्वतंत्रपणे विचारा.

बगॅसचंही असंच आहे. बॉयलरला लागून उरलेला बगॅस वीज प्रकल्पाला कोणत्या भावानं गेला, तेवढं पाहा.

विचारायचं ते तोंडी नको. सहकारी कारखान्याची सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते. नोटिशीत लेखी प्रश्नांची मुदत असेल, ती पाहा आणि त्याआधी अर्ज द्या. कारखाना खाजगी असेल आणि तुमच्याकडे शेअर नसेल, तर अर्ज साखर विभागाच्या प्रादेशिक सहसंचालकांकडे द्या. त्यांच्या वर पुण्याचं साखर आयुक्तालय आहे. अर्ज लांबवू नका. एवढं लिहिलं तरी पुरे:

‘मागील हंगामात स्वतःच्या डिस्टिलरीस दिलेली मळी किती टन, सी-हेवी किती व बी-हेवी किती, प्रत्येकीस लावलेला दर किती, तो कोणत्या महिन्यातील कोणत्या बाजारभावावरून ठरवला, त्या काळात बाहेर मळी विकली असल्यास तिचा दर काय, आणि ऊसदराच्या वाटणीत मळीचे किती रुपये धरले, हे कळवावे.’

खाली सही करा, सभासद क्रमांक घाला, दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का घ्या.