दुव्यादुव्याने भरला जाणारा कर आणि खरेदीदाराची जबाबदारी

आपल्यापैकी अनेक व्यापारीबंधू अजूनही असे म्हणताना आढळतात की, "सरकार एकाच मालावर चार ठिकाणी कर घेते." तक्रार समजण्यासारखी आहे, परंतु ती यथार्थ नाही. कर चार ठिकाणी घेतला जातो हे खरे. पण चार वेळा घेतला जात नाही. या दोन गोष्टींतील भेद ज्याच्या ध्यानी आला, त्याला आपल्या वहीत कोठे दक्ष राहावे हे आपोआप कळेल.

अनगोळला लागूनच असलेल्या उद्यमबागेतील फौंड्रीचे उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी गोल धरले आहेत. कोल्हापूरच्या एका पुरवठादाराने येथील फौंड्रीला १,००,००० रुपयांचे पिग आयर्न विकले. फौंड्रीने त्यापासून चेंबरची बिडाची झाकणे ओतून ती बेळगावच्या व्यापाऱ्यास १,६०,००० रुपयांना दिली. व्यापाऱ्याने तीच झाकणे घर बांधणाऱ्या गिऱ्हाइकांस २,००,००० रुपयांना विकली. कराचा दर सर्वत्र १८ टक्के आहे.

पुरवठादाराने बिलात १८,००० रुपये कर लावला आणि तो सरकारात जमा केला. त्याच्या आधीच्या खरेदीचा हिशेब येथे सोडून देऊ. फौंड्रीने आपल्या बिलात २८,८०० रुपये लावले; परंतु खरेदीवर दिलेले १८,००० वजा करून तिने केवळ १०,८०० रुपये भरले. व्यापाऱ्याने ३६,००० रुपये वसूल केले आणि २८,८०० वजा जाता ७,२०० रुपये भरले. तिघांची बेरीज ३६,००० रुपये, म्हणजे शेवटच्या किमतीच्या बरोबर १८ टक्के. प्रत्येकाने आपण मालात जेवढी भर घातली तेवढ्यावरच कर भरला. गिऱ्हाइकास मात्र वजावट नाही. म्हणून कराचा सगळा भार अखेर त्याच्यावर आहे, आणि मधले तिघे केवळ त्याचे वसूलदार आहेत.

मग हा सारा कर शेवटच्या दुकानावरच का घेऊ नये? कारण तो दुकानदार विक्री लपवील तर ३६,००० रुपये एकदम बुडतील. येथे त्याने लपवाछपवी केली तरी बुडतात ७,२०० रुपये. उरलेले आधीच्या दोन दुव्यांवर जमा झालेले असतात. शिवाय खरेदीदारास वजावट हवी असते, म्हणून तो विक्रेत्याकडून पक्के बिल मागतोच. एकाचा स्वार्थ दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर पहारा ठेवतो, हे या पद्धतीचे मर्म होय.

ही पद्धत कर्नाटकात व महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ रोजी मूल्यवर्धित कराच्या रूपाने आली. परंतु आपण सीमाभागातील व्यापारी. आपली साखळी तेव्हा सरहद्दीवरच तुटत असे. कोल्हापूरहून येणाऱ्या मालावर केंद्रीय विक्रीकर बसे. तो सी फॉर्मवर प्रारंभी ४ टक्के होता आणि १ जून २००८ पासून २ टक्के झाला. दर अल्प असला, तरी त्याची वजावट मिळत नसे. आपल्या उदाहरणातील फौंड्रीचे पिग आयर्न त्यामुळे १,०२,००० रुपयांस पडले असते आणि पुढच्या प्रत्येक दुव्यावर त्या २,००० रुपयांवरही कर बसला असता. निपाणीच्या दुकानदाराने हाकेच्या अंतरावरील कागलहून माल आणला तरी हाच तोटा. दूरच्या बंगळूरहून आणला तर मात्र पूर्ण वजावट! १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि हा अडसर दूर झाला. आता कोल्हापूरचा पुरवठादार आयजीएसटी लावतो. फौंड्री तो पूर्ण वजा करते आणि दोन्ही राज्यांचा हिशेब केंद्र सरकार आपसांत जुळवून देते.

येथवर सर्व ठीक आहे. प्रश्न उद्भवतो तो मधल्या दुव्याने दगा दिल्यास. समजा, फौंड्रीने व्यापाऱ्याकडून २८,८०० रुपये कर घेतला, पण आपले १०,८०० सरकारात भरलेच नाहीत. व्यापाऱ्याने तर पैसे मोजलेले आहेत. तरीही कायद्याप्रमाणे विक्रेत्याने कर प्रत्यक्ष भरला असेल तरच खरेदीदाराची वजावट टिकते. आणि १ जानेवारी २०२२ पासून ते बिल विक्रेत्याच्या विवरणातून खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये उतरणेही आवश्यक झाले आहे. ते न उतरल्यास आपल्या व्यापाऱ्यास ७,२०० ऐवजी पूर्ण ३६,००० रुपये भरावे लागतील.

या बाबतीत आपल्याच राज्यातील एक निवाडा प्रत्येकाने लक्षात ठेवावा. कर्नाटक मूल्यवर्धित कर कायद्याखालील कॉफीच्या खरेदीचे एक प्रकरण होते. विक्रेत्यांपैकी काहींची नोंदणी रद्द झालेली होती, तर काहींनी कर भरला नव्हता वा विक्रीच नाकारली होती. खरेदीदाराने बिले व धनादेशाने दिलेली रक्कम दाखविली. सर्वोच्च न्यायालयाने १३ मार्च २०२३ रोजी निर्णय दिला की, एवढ्याने भागत नाही. माल खरोखर आला हे खरेदीदारानेच सिद्ध केले पाहिजे: वाहनाचा क्रमांक, भाड्याची पावती, माल पोहोचल्याची पोच इत्यादी कागदांनी.

प्रस्तुत लेखकास या निर्णयातील तत्त्व मान्य आहे. माल न देता केवळ बिल विकणारे लोक बाजारात आहेत. १८,००० रुपयांच्या वजावटीचे कागद कोणी चार-पाच हजारांत देऊ करील, तर तो कर भरणार नाही हे उघडच आहे. अशा कागदावरची वजावट ही सरकारी तिजोरीतून केलेली उचल होय. पण ज्याने माल घेतला, पोच ठेवली, रक्कम बँकेमार्फत दिली, त्याच्याकडूनच तो कर पुन्हा वसूल करणे न्याय्य नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ साली तेथील मूल्यवर्धित कर कायद्याविषयी हेच म्हटले होते: खरेदीदार प्रामाणिक असेल, तर सरकारने बुडव्या विक्रेत्यास धरावे. विक्रेत्याची नोंदणी सरकारच करते, त्याला शोधण्याची व जप्तीची सत्ताही सरकारचीच आहे. दुकानदाराजवळ यांतील काहीच नाही. मालाचा पुरावा खरेदीदाराने द्यावा. तो दिल्यावर वसुली विक्रेत्याकडून व्हावी, अशी स्पष्ट तरतूद कायद्यात असावी. आपल्या संघाने ही मागणी लावून धरावी.

तोवर सावधपणाला पर्याय नाही. दरमहा विवरण भरणारा विक्रेता आपली बिले पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत नोंदवितो, १४ तारखेस आपली २बी तयार होते आणि आपला कर २० तारखेपर्यंत भरायचा असतो. मधले सहा दिवस हेच आपल्या पडताळणीचे दिवस. खरेदीखाते २बीशी ताडून पाहावे आणि जे बिल उतरले नाही त्याविषयी विक्रेत्यास तत्काळ विचारावे. नव्या विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक व त्याची विवरणे वेळेवर भरली जातात की नाही, हे संकेतस्थळावर पाहता येते. आणि भाडेपावती व पोच बिलालाच जोडून ठेवावी. पूर्वी आपले वडीलधारे उधारी देण्यापूर्वी माणसाची पत पाहत. आता खरेदी करतानाही समोरच्याची पत पाहणे प्राप्त झाले आहे, कारण त्याने न भरलेला कर आपल्याच नावे पडतो.