तू, तुम्ही आणि आपण

'जय जिनेंद्र' या अभिवादनात एक मोठी सोय आहे. त्यात समोरच्या व्यक्तीसाठी सर्वनामच नाही. व्याही असोत, नातू असो वा दुकानातील मुनीमजी असोत, शब्द तेच राहतात. अडचण उभी राहते ती पुढच्या वाक्याला. कुशल विचारताना 'कसा आहेस?' म्हणावे की 'कसे आहात?', याचा निर्णय टाळता येत नाही. सर्वनाम गाळले तरी मराठीत क्रियापद ते उघड करतेच.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात गुजराती, मारवाडी वा हिंदी बोलली जाते. म्हणून येथे एक घोटाळा वारंवार होतो. हिंदीतील 'आप' म्हणजे मराठीतील 'आपण', असे समजून काही जण रोजच्या ग्राहकालाही 'आपण बसा, आपण पाहा' म्हणतात. वास्तविक हिंदी 'आप'चे रोजचे काम मराठीत 'तुम्ही' करते. गुजराती 'तमे'चीही जागा हीच. मराठी 'आपण' आदरार्थी वापरले की ते एक पायरी वर जाते. लग्नपत्रिका, सभा, औपचारिक पत्र येथे ते शोभते. घरगुती बोलण्यात मात्र ते परकेपणा आणते.

हे मला फार उशिरा उमगले. शाखेत कर्जविभाग पाहत असताना माझ्या एका वर्गमित्राच्या धान्याच्या पेढीचे व्याज थकले. कॉलेजपासून आमचे 'अरे-तुरे'चे नाते. मी त्याला दूरध्वनी केला, तेव्हा समोर नवे शाखाधिकारी बसले होते. मैत्रीमुळे सवलत देतो असे त्यांना वाटू नये, म्हणून मी म्हणालो, 'आपण उद्या शाखेत येता का?' पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग उत्तर आले, 'येतो, साहेब.'

दुसऱ्या दिवशी तो आला, कागद दाखविले, मुदत मागितली. दोन महिन्यांत त्याने सर्व थकबाकी भरली. पण बोलताना 'तुम्ही म्हणाल तसे' हेच राहिले. खाते नियमित झाले, सर्वनाम मात्र पूर्ववत झाले नाही. पुढे अकरा वर्षे आम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणत होतो.

मी त्याचा अपमान केला नव्हता. उलट सर्वांत आदराचा शब्द वापरला होता. तरी तो लागला, कारण सर्वनामाचा अर्थ पायरीपेक्षा पायरी बदलण्यात अधिक असतो. आईला आपण 'तू' म्हणतो, आजीलाही 'तू', परमेश्वरालाही 'तू'. तेथे अनादराची शंकाही येत नाही. पण काल 'तू' म्हणणारा आज 'तुम्ही' म्हणाला, तर ऐकणारा विचारतो, माझे काय चुकले?

त्या दिवशी योग्य वाक्य कोणते होते, याचा मी पुढे विचार केला. 'उद्या शाखेत ये, आपण हिशेब पाहू' एवढे पुरे होते. शब्द तोच, 'आपण'. परंतु 'आपण येता का?' यातील 'आपण' म्हणजे फक्त समोरचा, तोही अंतरावर उभा. 'आपण पाहू' यातील 'आपण' म्हणजे तू आणि मी, दोघे एका बाजूला. गुजरातीतील 'आपणे' नेमके हेच सांगते. सर्वांत दूरचा आणि सर्वांत जवळचा, असे दोन्ही अर्थ या एका शब्दात आहेत. कोणता घ्यावयाचा ते क्रियापद ठरविते.

व्यवहारासाठी मी आता एवढे पाळतो. अनोळखी प्रौढ व्यक्तीला, मग ती गादीवर बसणारी असो वा पोती उचलणारी, प्रथम 'तुम्ही'. तेथून 'तू'कडे उतरण्याचा पुढाकार वयाने मोठ्या व्यक्तीने घ्यावा. धाकट्याने वाट पाहावी. जावई आणि व्याही यांच्याशी 'तुम्ही'च बरे. पायरीबद्दल शंका असल्यास वरची घ्यावी, कारण 'तुम्ही'वरून 'तू'वर येणे गोड वाटते. उलट प्रवास मात्र टोचतो.

त्या मित्राच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. त्यावर छापलेले होते, 'आपण सहकुटुंब यावे'. मंडपाच्या दाराशी तो पाहुण्यांचे स्वागत करीत उभा होता. मी हात जोडले आणि म्हणालो, 'जय जिनेंद्र. कसा आहेस रे?'

तो थोडा थांबला. मग माझा हात धरून म्हणाला, 'बरा आहे. तू उशिरा आलास.'