बियाण्याची गाडी कोणत्या वाटेने न्यावी?

पेरणीच्या दिवसांत वापसा दोन-चार दिवसच टिकतो. तेवढ्यात बियाणे शेतकऱ्याच्या बांधावर पोचले नाही तर ते गोदामात असून नसल्यासारखेच होय. तरीही गोदामातून निघणाऱ्या गाडीचा मार्ग पुष्कळदा चालकाच्या सवयीवर सोडला जातो. हा मार्ग कागदावर मांडूनच ठरवावा, असे माझे मत आहे. त्यासाठी लागणारे गणित बेरजेपलीकडचे नाही.

एडस्खर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५६ साली अॅमस्टरडॅम येथे कॉफी घेता घेता, कागद-पेन्सिलीवाचून, सुमारे वीस मिनिटांत ही रीत योजिली. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग कोणता, हा त्याचा प्रश्न होता. १९५९ साली ती रीत प्रसिद्ध झाली. आपण ती एका लहानशा नकाशावर करून पाहू.

समजा, गोदामातून माळेगावला बियाणे न्यावयाचे आहे. मध्ये वडगाव, पिंपळगाव व सावरगाव ही गावे आहेत. भरलेल्या ट्रॉलीस लागणारा वेळ असा:

गोदाम ते वडगाव – १५ मिनिटे
गोदाम ते पिंपळगाव – २५ मिनिटे
वडगाव ते पिंपळगाव – २० मिनिटे
वडगाव ते सावरगाव – ५० मिनिटे
पिंपळगाव ते सावरगाव – ३० मिनिटे
पिंपळगाव ते माळेगाव (घाटातून) – ५५ मिनिटे
सावरगाव ते माळेगाव – २० मिनिटे

प्रथम गोदामापुढे शून्य लिहावे. तेथून वडगाव १५ व पिंपळगाव २५ असे कच्चे आकडे मांडावेत. कच्च्या आकड्यांतील सर्वांत लहान आकडा पक्का करावा. येथे वडगावचा १५ पक्का झाला. आता वडगावाहून पुढे पाहावे. पिंपळगावला १५ व २० मिळून ३५ होतात. पूर्वीचा २५ त्याहून लहान असल्याने तोच राहू द्यावा. सावरगावला ६५ लिहावे. उरलेल्यांत लहान २५, म्हणून पिंपळगाव पक्के. तेथून सावरगावला ५५ होतात, तेव्हा ६५ खोडून ५५ लिहावे व शेजारी 'पिंपळगावाहून' अशी नोंद करावी. माळेगावला घाटातून ८० होतात. आता सावरगाव ५५ वर पक्के झाले आणि तेथून माळेगाव ७५ वर आले, म्हणून ८० खोडावे. नोंदी उलट वाचीत गेले की मार्ग मिळतो : गोदाम, पिंपळगाव, सावरगाव, माळेगाव.

सर्वांत लहान आकडा लगेच पक्का का मानावा, असे कोणी विचारील. दुसऱ्या कोणत्याही वाटेने त्या गावी यावयाचे तर ज्याचा आकडा आधीच तेवढा किंवा मोठा आहे अशा गावावरून यावे लागेल. आणि पुढे चालल्याने वेळ वाढतो, घटत नाही.

जवळचे गाव आधी गाठीत जाणारा चालक वडगाव, पिंपळगाव, सावरगाव करीत माळेगावला ८५ मिनिटांनी पोचतो. घाटाची वाट सरळ दिसते, पण तिला ८० मिनिटे लागतात.

मात्र गणितात घातलेले आकडे खोटे असतील तर उत्तरही खोटेच येईल. माझ्याच हातून ही चूक घडली आहे. नकाशावरील किलोमीटर मोजून मी एका गाडीचा मार्ग आखून दिला. ओढ्याला पाणी आले होते, याची मी चौकशी केली नव्हती. गाडी परत फिरली आणि त्या गावची पेरणी लांबली. म्हणून अंतर न धरता भरल्या गाडीचा वेळ धरावा. घाट चढण्याचा व उतरण्याचा वेळ निरनिराळा लिहावा. पाऊस झाला की गणित पुन्हा करावे. वरील नकाशात पिंपळगाव-सावरगाव वाट बंद झाली तर घाटाचाच ८० मिनिटांचा मार्ग उत्तम ठरतो.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ही रीत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याची लहान वाट देते. अनेक गावी माल टाकीत फेरी कशी करावी, हे ती सांगत नाही. चारही गावी बियाणे टाकावयाचे असेल तर ७५ मिनिटांची वाट वडगावला शिवतच नाही. मग मघाशी चुकीचा ठरलेला ८५ मिनिटांचा मार्गच योग्य होतो, व जातायेता वेळ सारखा धरल्यास ७५ मिनिटांच्या परतीसह फेरी १६० मिनिटांत पुरी होते. चार गावांचे क्रम २४ च असल्याने ते ताडून पाहता येतात; दहा गावांचे क्रम मात्र ३६,२८,८०० होतात. यास्तव एका गाडीकडे चार-पाच गावेच द्यावीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वी एकदा भरल्या गाडीबरोबर फिरून आपल्या वाटांचे वेळ टिपून ठेवावेत. कोणता ओढा किती पावसाने अडतो, हे गावचे शेतकरीच नेमके सांगू शकतील. ती नोंद त्याच कागदावर करावी.