विश्लेषण : मानसोपचार वॉर्डात बिडी सुटते, मग औषधाचा डोस का बदलावा लागतो?

मानसोपचार वॉर्डात रुग्ण दाखल झाला की त्याच्याकडची काडेपेटी, बिडीचे बंडल, तंबाखूची पुडी काढून घेतली जाते. बंदिस्त वॉर्डात आगीचा धोका असतोच. शिवाय सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला देशभरात २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे आणि रुग्णालयेही त्यात येतात. म्हणजे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराच्या रुग्णाची बिडी दाखल झाल्या दिवशीच बंद होते, त्याची इच्छा असो वा नसो. पण बंद झालेल्या बिडीवर पुढे उपचार होतात का, यावर बरेच अवलंबून असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार गंभीर मानसिक आजार असलेल्यांचे आयुष्य इतरांपेक्षा १० ते २० वर्षांनी कमी असते. त्यामागे हृदयविकार, श्वसनविकार यांसारखे शारीरिक आजार मोठ्या प्रमाणावर आहेत आणि तंबाखू त्यांचे ठळक कारण आहे.

पहिल्या काही दिवसांत काय घडते?

समजा, ३८ वर्षांचा स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे. रोज २० बिड्या ओढतो आणि क्लोझापिन ४०० मिलिग्रॅम घेतो. दाखल झाल्यावर काही तासांतच त्याला बिडीची तलफ येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिडचिड, येरझाऱ्या, झोपमोड, कुणाचे बोलणे सहन न होणे, हे सगळे टिपेला पोहोचते. निकोटिन तुटल्याची ही नेहमीची लक्षणे आहेत. मात्र मानसोपचार वॉर्डात ती ‘आजार उसळला’ अशी वाचली जाण्याची शक्यता अधिक. मग झोपेचे इंजेक्शन दिले जाते किंवा मूळ औषध वाढवले जाते. दाखल करताना ‘दिवसाला किती बिड्या, सकाळची पहिली बिडी उठल्यावर किती वेळाने’ हे दोन प्रश्न विचारून नोंदवले, तर ही गल्लत बरीच टळते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल, तर अवलंबित्व जास्त समजायचे.

रक्तातले औषध आपोआप का वाढते?

बिडी-सिगारेटच्या धुरातील डांबरी रसायने यकृतातील ‘सीवायपी १ए२’ नावाच्या विकराला कामाला लावतात. हेच विकर क्लोझापिन आणि ओलान्झापिन या औषधांचा निचरा करते. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याला या औषधांचा डोस जास्त लागतो. धूर बंद झाला की विकराची वाढलेली क्रिया साधारण दीड-दोन दिवसांत निम्मी होते आणि आठवडाभरात मूळ पातळीवर येते. गोळी तीच, पण रक्तातले प्रमाण चढू लागते. क्लोझापिनच्या बाबतीत ही वाढ ५० टक्के किंवा त्याहून अधिक असू शकते.

वरच्या उदाहरणात दाखल होताना रक्तातील पातळी मिलिलिटरला ४०० नॅनोग्रॅम असेल, तर आठवड्याने ती ६०० वर जाऊ शकते. त्यातच तलफेला आजार समजून डोस वाढवला असेल, तर अडचण दुप्पट. खुणा ओळखू येण्यासारख्या असतात : दिवसाही न उतरणारी गुंगी, उशी भिजवणारी लाळ, घट्ट झालेला शौच, अडखळती चाल, उठताना चक्कर. वेळेत लक्ष गेले नाही, तर फिटही येऊ शकते.

यात निकोटिनचा काही संबंध नाही. विकर चाळवतो तो धूर. त्यामुळे निकोटिनचा पॅच लावला तरी क्लोझापिनची पातळी चढतेच, आणि बिडी सोडून तंबाखू-चुना मळणाऱ्याचीही चढते. महाराष्ट्रासाठी हे महत्त्वाचे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात धूरविरहित तंबाखू घेणारे प्रौढ २४.४ टक्के होते, धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के. केस पेपरवर नुसते ‘तंबाखू : होय’ लिहून भागत नाही, कोणत्या रूपात ते लिहावे लागते.

डोस किती आणि केव्हा बदलायचा?

ब्रिटनमधील ‘मॉडस्ले’ या प्रचलित मार्गदर्शिकेची पद्धत अशी : शक्य असल्यास आधी रक्तातील पातळी तपासायची, पहिल्या आठवड्यात क्लोझापिन हळूहळू सुमारे २५ टक्क्यांनी कमी करायचे, आठवड्याने पुन्हा पातळी पाहायची. उदाहरणातील ४०० मिलिग्रॅम ३०० वर येतात. अर्थात हा निर्णय डॉक्टरांचाच. रुग्णाने किंवा नातेवाइकांनी परस्पर गोळी कमी करण्यात आजार उलटण्याचा धोका आहे. आपल्याकडे क्लोझापिनची पातळी मोजण्याची सोय सगळीकडे नसते. तिथे वरच्या खुणा रोज पाहून लिहिणे हाच मार्ग उरतो आणि ते काम प्रामुख्याने परिचारिकांवर येते.

तलफेसाठी कोणते औषध?

दिवसाला दहापेक्षा जास्त बिड्या ओढणाऱ्याला साधारणपणे २१ मिलिग्रॅमचा पॅच दिला जातो आणि मधल्या तलफेसाठी निकोटिनची गोळी, म्हणजे गम. गम च्युइंगगमसारखी चघळत राहिल्यास उपयोग होत नाही. तिखटसर चव येईपर्यंत चावायची, मग गालात दाबून ठेवायची. तंबाखूचा बार धरणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. चहा-कॉफीनंतर १५ मिनिटे ती घ्यायची नाही, कारण तोंडात निकोटिन नीट शोषले जात नाही. वॉर्डात नेमक्या चहाच्या वेळी गम वाटली जाते आणि ‘याला काही गुण येत नाही’ असा शेरा पडतो. क्लोझापिनने लाळ जास्त येणाऱ्याच्या पोटात निकोटिन जाऊन उचक्या, मळमळ होते. त्याला पॅच बरा.

व्हॅरेनिक्लिनबद्दल डॉक्टरांच्या मनात वर्षानुवर्षे भीती होती : नैराश्य, आत्महत्येचे विचार. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ईगल्स’ चाचणीत ८,१४४ जणांपैकी निम्म्याहून अधिक जणांना मानसिक आजार होता. त्यांच्यात मध्यम ते गंभीर मानसिक दुष्परिणाम व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्या ६.५ टक्क्यांत, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्या ४.९ टक्क्यांत दिसले; हा फरक सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकांनी पाकिटावरचा सर्वांत कडक इशारा काढला. पण चाचणीतील रुग्ण बाहेर राहणारे, आजार स्थिर असलेले होते. तीव्र अवस्थेतील रुग्णाला तेच लागू धरता येत नाही; त्याला पॅचने सुरुवात करून, आजार आटोक्यात आल्यावर व्हॅरेनिक्लिनचा विचार करणे शहाणपणाचे. बुप्रोपिऑन मात्र क्लोझापिनसोबत टाळलेले बरे, कारण फिट येण्याची शक्यता दोन्ही औषधांनी वाढते.

समुपदेशनाने नेमके काय बदलते?

सॅन फ्रान्सिस्कोतील धूम्रपानबंदी असलेल्या एका मानसोपचार वॉर्डात ज्युडिथ प्रोचास्का आणि सहकाऱ्यांनी २२४ रुग्णांवर अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वॉर्डात निकोटिन दोन्ही गटांना मिळाले. एका गटाला त्याखेरीज रुग्णाच्या मनाच्या तयारीनुसार समुपदेशन आणि घरी गेल्यावर दहा आठवड्यांचे पॅच मिळाले. ‘सोडायची इच्छा हवी’ अशी अट नव्हती. दीड वर्षाने या गटातील २० टक्के जण धूम्रपानापासून दूर होते, दुसऱ्या गटातील ७.७ टक्के. पुन्हा दाखल होण्याचे प्रमाणही या गटात कमी राहिले. ‘त्यांना तेवढाच विरंगुळा, कशाला हिरावून घ्यायचा’ हा युक्तिवाद करणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा पाहायला हवा.

तरी पाचपैकी चौघे पुन्हा ओढू लागलेच, हेही खरे. वॉर्डातील बोलणे त्यामुळे छोटे आणि नेमके असावे लागते. दहा-पंधरा मिनिटे, आणि विषय एकच : बिडी केव्हा लागते? औषधाने आलेल्या सुस्तीत, जेवणानंतर, की वेळ जात नाही म्हणून? उत्तरानुसार त्या वेळेला दुसरे काम द्यायचे. गोळी घ्यावी म्हणून बिडीचे आमिष दाखवण्याची पद्धत कुठे असेल, तर ती आधी बंद करावी लागते.

घरी सोडताना काय?

उदाहरणातील रुग्ण ३०० मिलिग्रॅमवर घरी गेला आणि चार दिवसांत पुन्हा २० बिड्यांवर आला, तर धुराने विकर पुन्हा जागे होते, पातळी घसरते आणि भास परततात. म्हणून डिस्चार्ज कार्डावर जुना डोस, नवा डोस आणि बदलाचे कारण लिहिणे आवश्यक आहे. घरच्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते : बिडी पुन्हा सुरू झाल्यास लपवू नका, त्याच आठवड्यात ओपीडीला कळवा. सोबत निदान काही आठवडे पुरतील एवढे पॅच किंवा गम द्यावेत. फोनवर आधार हवा असल्यास केंद्र सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे, मात्र क्लोझापिनच्या डोसचा प्रश्न उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडेच न्यायचा.